पाठवलेल्या बिलातील रकमेची चूक दुरुस्त करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहकाला बिल पाठवून झाल्यावर त्यातील रक्कम चुकल्याचे लक्षात आले, तर ती दुरुस्त कशी करावी, एवढाच या पानाचा विषय आहे. मी अनेक वर्षे बिले पाठवण्याचे आणि आलेल्या बिलांची नोंद करण्याचे अशी दोन्ही बाजूंची कामे केली आहेत. मूळ चुकीपेक्षा ती सुधारताना पाठवलेल्या कागदांमुळे झालेला गोंधळ निस्तरायला जास्त वेळ लागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. म्हणून खालच्या प्रत्येक उत्तरात एकच कसोटी लावली आहे : दुरुस्तीनंतर ग्राहकाच्या लेखा विभागात बसलेल्या माणसाला, तुम्हाला फोन न करता, नेमकी किती रक्कम द्यायची आहे हे कळले पाहिजे.

समजण्यासाठी एखादे उदाहरण घेता येईल का?

हो, आणि पुढे सगळीकडे हेच उदाहरण वापरले आहे. तुम्ही एका ग्राहकासाठी ताशी ९०० या दराने ३४ तास काम केले, पण बिल क्रमांक १४७ मध्ये चुकून ४० तास लिहिले गेले. बिलाची मूळ रक्कम ३६,००० आणि तीवर समजा १० टक्के कर ३,६००, म्हणून एकूण ३९,६०० झाली. खरी रक्कम ३०,६०० अधिक कर ३,०६०, म्हणजे ३३,६६० व्हायला हवी होती. फरक ५,९४० चा आहे, त्यात ५,४०० कामाचे आणि ५४० कराचे. बिल ३ जूनला गेले असून पैसे ३ जुलैपर्यंत यायचे आहेत.

चूक लक्षात आल्याबरोबर सर्वांत आधी काय करावे?

लगेच काहीही पाठवू नये. आधी ते संपूर्ण बिल ओळीओळीने तपासावे, कारण तासांची चूक सापडल्याच्या घाईत दुरुस्ती पाठवली आणि दोन दिवसांनी दरही चुकला असल्याचे दिसले, तर दुसऱ्या दुरुस्तीनंतर ग्राहक तुमच्या कोणत्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाही. तेच बिल समोर ठेवून त्या ग्राहकाची आणखी बिले तयार केली असतील, तर तीही पाहावीत.

त्यानंतर ग्राहकाच्या लेखा विभागाला एकच प्रश्न विचारावा : बिल क्रमांक १४७ तुमच्याकडे नोंदले गेले आहे का, आणि गेले असल्यास ते मंजुरीसाठी आहे, मंजूर झाले आहे की त्याचे पैसे निघाले आहेत? दुरुस्तीचा मार्ग या उत्तरावर ठरतो. हा प्रश्न ज्या व्यक्तीने तुम्हाला काम दिले तिला विचारून भागत नाही, कारण तिने बिल पुढे पाठवलेले असते आणि त्याचे पुढे काय झाले हे तिला बहुधा माहीत नसते.

बिलात आकडा बदलून तेच बिल त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवले तर चालेल का?

रक्कम बदलत असेल तर चालणार नाही. यात फसवणूक नसते, हे मान्य आहे. पण व्यवहारात त्याचे काय होते ते पाहा. ग्राहकाकडील लेखा-प्रणाली पुरवठादाराचे नाव आणि बिलाचा क्रमांक यांची जोडी तपासते, म्हणजे तेच बिल दोनदा नोंदले जाऊन दोनदा पैसे जाऊ नयेत. तुमचे नवे १४७ आले की प्रणाली ते दुबार बिल म्हणून अडवते, नोंद करणारा माणूस ‘हे तर आधीच आले आहे’ असे समजून ते बाजूला ठेवतो आणि ठरल्या दिवशी जुने ३९,६०० मंजूर होतात. तुम्ही मात्र ३३,६६० ची वाट पाहत असता. पुढे कोणी हिशेब तपासायला बसले, तर एकाच क्रमांकाचे दोन वेगवेगळ्या रकमांचे कागद सापडतात आणि खरा कोणता हे कागदावरून सांगता येत नाही.

‘१४७-अ’ किंवा ‘१४७ सुधारित’ असा क्रमांक देण्याचीही पद्धत दिसते. काही ठिकाणी ती निभावते, पण मी ती टाळतो. नोंद करणाऱ्याच्या नजरेतून शेवटचे अक्षर सहज निसटते, आणि प्रणालीला मात्र ते पूर्णपणे वेगळे बिल वाटते. म्हणजे माणसाला दोन्ही एकच भासतात आणि यंत्राला दोन. नवे बिल करायचेच असेल, तर त्याला तुमच्या क्रमवारीतला पुढचा मोकळा क्रमांक द्यावा आणि ते बिल क्रमांक १४७ ऐवजी आहे, असे त्यावर स्पष्ट लिहावे.

मग दुरुस्तीचा योग्य मार्ग कोणता?

रक्कम जास्त लागली असेल तर दोन मार्ग आहेत, आणि त्यांतला एकच निवडायचा असतो.

पहिला मार्ग फरकाच्या क्रेडिट नोटेचा. बिल १४७ जसे आहे तसे राहते आणि तुम्ही ५,९४० ची क्रेडिट नोट देता. तिच्यावर बिल १४७ चा क्रमांक व तारीख, ६ तास जास्त लागल्याचे कारण, आणि ५,४०० व कराचे ५४० अशी फोड असते. ग्राहकाच्या खात्यात ३९,६०० देणे आणि ५,९४० वजा अशा दोन नोंदी होतात, आणि बाकी ३३,६६० राहते.

दुसरा मार्ग बिल पूर्णपणे उलटवण्याचा. यात संपूर्ण ३९,६०० ची क्रेडिट नोट देऊन बिल १४७ शून्यावर आणले जाते आणि ३३,६६० चे नवे बिल, समजा क्रमांक १५३, दिले जाते. ग्राहकाच्या खात्यात आता तीन नोंदी होतात, पण बाकी तीच, ३३,६६०.

एखाद्या ओळीतली संख्या किंवा दर चुकला असेल आणि बिल ग्राहकाकडे नोंदले गेले असेल, तर मी पहिला मार्ग घेतो. कागद कमी लागतात आणि झालेली मंजुरी वाया जात नाही. बिल ज्याच्या नावे केले तो पक्षच चुकला असेल, संपूर्ण बिलाला चुकीचा करदर लागला असेल, किंवा तीनचार ओळी एकदम बिघडल्या असतील, तर दुसरा मार्ग बरा, कारण अशा बिलाला ठिगळे लावत बसल्यावर ते कोणालाच वाचता येत नाही. काही ग्राहकांकडे बिलाची प्रत्येक ओळ खरेदी आदेशाशी आणि काम झाल्याच्या नोंदीशी जुळवून पाहतात. तिथे ३४ तासांच्या आदेशावर ४० तासांचे बिल मुळात पुढेच सरकत नाही, आणि क्रेडिट नोट आली तरी ते अडकूनच राहते. असा ग्राहक बहुधा स्वतःच पूर्ण बदली मागतो.

बिल ग्राहकाकडे अजून नोंदलेलेच नसेल, तर त्यांनी ते परत करावे आणि तुम्ही नवे द्यावे, हे सर्वांत सोपे. तरीही तुमच्या स्वतःच्या खातेवहीत १४७ ची नोंद झालेली असते. ती पुसून टाकू नये. ती क्रेडिट नोटेनेच उलटवावी, म्हणजे क्रमांकांच्या मालिकेत कारण नसलेली फट राहत नाही.

खात्री म्हणून फरकाची क्रेडिट नोट आणि सुधारित बिल, दोन्ही पाठवावीत का?

कृपा करून पाठवू नयेत. सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो, आणि तो करणारी माणसे काळजीपूर्वक काम करणारीच असतात.

तुम्ही ३३,६६० चे बिल १५३ आणि ५,९४० ची क्रेडिट नोट एकत्र पाठवली, असे समजा. तुमच्या मनात क्रेडिट नोट जुन्या बिलासाठी आहे आणि नवे बिल आधीच बरोबर केलेले आहे. पण वाचणाऱ्यासमोर एक बिल आणि एक वजावट आहे. तो जुने १४७ बाजूला काढतो, नव्या बिलातून क्रेडिट नोट वजा करतो आणि २७,७२० पाठवतो. तेच ६ तास दोनदा वजा झाले. दुसऱ्या एखाद्या कार्यालयात याच तीन कागदांवरून १४७ आणि १५३ ही दोन्ही बिले देय धरली जातात आणि क्रेडिट नोट वजा होऊन ६७,३२० ची मंजुरी तयार होते.

एका कंपनीतून मला असाच फोन आला होता. पलीकडच्या बाईंनी तिन्ही कागदांवरचे आकडे शांतपणे वाचून दाखवले आणि विचारले, “सर, यातला कोणता आकडा भरायचा तेवढे सांगा.” त्यांनी विचारले म्हणून निभावले. त्या दिवसापासून मी नियम केला आहे की फरकाची क्रेडिट नोट दिली तर नवे बिल नाही, आणि नवे बिल दिले तर क्रेडिट नोट जुन्या बिलाच्या पूर्ण रकमेची.

सोबतच्या पत्रात काय लिहावे?

पत्र लहान असावे, पण त्यात चार गोष्टी हव्यात : कोणत्या बिलात काय चुकले, कोणता कागद सोबत आहे, आता एकूण किती द्यायचे, आणि कधीपर्यंत. देय रक्कम विषयाच्या ओळीतच लिहावी, कारण लेखा विभागात अनेकदा तेवढीच ओळ वाचली जाते. पहिल्या मार्गासाठीचा मजकूर असा होईल :

> विषय : बिल क्र. १४७ मधील दुरुस्ती – एकूण देय रक्कम ३३,६६०
>
> ३ जून रोजी पाठवलेल्या बिल क्र. १४७ मध्ये आमच्याकडून कामाचे तास ३४ ऐवजी ४० लिहिले गेले आहेत. त्यामुळे बिलाची रक्कम ५,९४० ने जास्त झाली आहे. सोबत ५,९४० ची क्रेडिट नोट क्र. १२ जोडली आहे. बिल क्र. १४७ कायम आहे. त्याच्या ३९,६०० मधून ही क्रेडिट नोट वजा करून आपण एकूण ३३,६६० द्यावेत. देय तारीख ३ जुलै हीच राहील. या कामासाठी दुसरे बिल पाठवले जाणार नाही.

शेवटचे वाक्य अनावश्यक वाटेल, पण ते गाळू नये. नवे बिल येईल म्हणून पैसे थांबवून ठेवण्याचे कारणच त्यामुळे उरत नाही. दुसऱ्या मार्गासाठी ‘बिल क्र. १४७ पूर्णपणे रद्द झाले असून त्यापोटी काहीही देऊ नये. फक्त बिल क्र. १५३ चे ३३,६६० द्यावेत’ असे लिहावे. दिलगिरीचे एक वाक्य पुरते. चूक कशी घडली याची दोन परिच्छेदांची कहाणी लिहिली, तर तिच्यात आकडा हरवतो.

हे पत्र जुन्या बिलाच्या निरोपाला उत्तर म्हणून पाठवावे, म्हणजे दोन्ही एकत्र सापडतात. मात्र जुने बिल पुन्हा जोडू नये. जोडलेल्या फाइलच्या नावातही क्रमांक असावा; ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘अंतिम-२’ अशा नावांवरून महिन्याभराने तुम्हालाही काही कळणार नाही.

जुन्या बिलावर पैसे भरण्याचा दुवा किंवा क्यूआर कोड होता. त्याचे काय करावे?

तो दुवा बंद करावा, आणि शक्यतो दुरुस्तीचे पत्र पाठवण्याच्या आधी करावा. त्या दुव्यात ३९,६०० ही रक्कम भरलेली असते, आणि पत्र न वाचता जुन्या निरोपातल्या दुव्यावरून पैसे भरणारा माणूस निघतोच. बिलिंग सॉफ्टवेअरमधून आपोआप जाणारी स्मरणपत्रेही तपासावीत. पहिल्या मार्गात क्रेडिट नोट बिल १४७ ला जोडली नसेल, तर सॉफ्टवेअर पुढच्या आठवड्यात ‘३९,६०० येणे बाकी’ असे स्मरणपत्र पाठवून तुमच्या पत्रावर पाणी फिरवते.

पैसे देण्याची मुदत बदलते का?

बिल १४७ कायम असेल तर मुदतही तीच राहते. नवे बिल दिले असेल, तर करारातले वाक्य पाहावे; अनेक करारांत मुदत योग्य बिल मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. करार याबाबत काहीच म्हणत नसेल, तर चूक तुमची असल्याने नव्या तारखेपासून मुदत द्यावी, असे माझे मत आहे. कोणतीही तारीख ठरली तरी ती पत्रात लिहावी.

ग्राहकाने आधीच पैसे दिले असतील तर?

पूर्ण ३९,६०० आले असतील, तर ५,९४० ची क्रेडिट नोट द्यावीच. मग ती रक्कम परत हवी की पुढच्या बिलातून वळती करायची, हे ग्राहकाला विचारावे. हा निर्णय त्यांचा आहे, कारण पैसे त्यांचे आहेत. वळती करायची ठरली, तर पुढच्या बिलाची रक्कम कमी करून लिहू नये. ते बिल पूर्ण रकमेचे करावे आणि खाली ‘क्रेडिट नोट क्र. १२ पोटी वजा ५,९४०’ अशी स्वतंत्र ओळ घालून उरलेली देय रक्कम दाखवावी.

अर्धवट पैसे आले असतील तेव्हा जास्त सांभाळावे लागते. ग्राहकाने बिल १४७ पोटी २०,००० दिले आहेत आणि तुम्ही बिल पूर्ण उलटवून १५३ दिले, असे धरा. आता १४७ शून्य झाल्याने ते २०,००० कोणत्याही बिलाशी न जोडलेले, खात्यावर नुसते जमा राहतात, आणि १५३ समोर पूर्ण ३३,६६० येणे दिसते. दोन्ही बाजूंनी ही रक्कम १५३ कडे वळवली पाहिजे आणि पत्रात देय रक्कम १३,६६० लिहिली पाहिजे. मी अशा वेळी सोबत चार ओळींचा खातेउतारा जोडतो : बिल १४७, क्रेडिट नोट, बिल १५३, मिळालेली रक्कम, आणि तळाशी बाकी. खरे तर पैसे आल्यानंतर पूर्ण उलटवण्याचा मार्ग टाळता आला तर टाळावा.

बिल कमी रकमेचे गेले असेल तर?

समजा काम खरोखर ४६ तास झाले होते आणि बिल ४० तासांचे गेले. आता फरक तेवढाच, ५,९४०, पण तो तुम्हाला येणे आहे. त्यासाठी फक्त फरकाचे पूरक बिल किंवा डेबिट नोट द्यावी, तिच्यावर बिल १४७ चा उल्लेख करावा आणि ‘हे बिल १४७ च्या रकमेव्यतिरिक्त आहे, दोन्ही मिळून ४५,५४०’ असे लिहावे. ४५,५४० चे नवे बिल जुने रद्द न करता पाठवले, तर ग्राहकाकडे एकूण ८५,१४० चे देणे दिसू लागते.

कागद पाठवण्याआधी काम देणाऱ्या व्यक्तीशी बोलून घ्यावे. कमी झालेल्या रकमेची बातमी कोणालाही चालते; वाढीव रक्कम मात्र मंजूर खर्चाच्या बाहेर जाऊ शकते आणि तिला नवी मंजुरी लागते.

करामुळे काही वेगळे करावे लागते का?

लागते. क्रेडिट नोटेतला ५४० चा कर तुम्ही तुमच्या देय करातून कमी करता, आणि ग्राहकाने त्याची वजावट घेतली असेल तर त्यालाही ती तेवढीच उलटवावी लागते. म्हणून फोड न दाखवता नुसती ५,९४० ची क्रेडिट नोट देऊ नये. क्रेडिट नोटेवर काय लिहिले पाहिजे आणि ती कोणत्या मुदतीपर्यंत देता येते, हे त्या त्या देशाचा करकायदा ठरवतो, आणि ती मुदत उलटली तर कराचा भार बिल देणाऱ्यावरच राहू शकतो. मूळ बिलाचा निःसंदिग्ध उल्लेख ही अपेक्षा मात्र अनेक ठिकाणी भेटते. युरोपीय संघाच्या २००६ च्या मूल्यवर्धित कर निर्देशातील कलम २१९ नुसार तर, मूळ बिलाचा नेमका आणि निःसंदिग्ध उल्लेख करून त्यात बदल करणारा कागद बिलच मानला जातो.

बिले इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जात असतील, तर कागदाचा प्रकार संकेतांकाने सांगितला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या प्रमाणित यादीत ३८० म्हणजे व्यापारी बिल आणि ३८१ म्हणजे क्रेडिट नोट. ३८१ मध्ये रकमा सामान्यतः धन चिन्हानेच लिहितात, कारण वजावटीचा अर्थ संकेतांकात आलेला असतो. तिथे रकमेआधी पुन्हा उणे चिन्ह टाकले, तर वजावटीची वजावट होऊन ग्राहकाचे देणे वाढलेले दिसू शकते.

रक्कम तीच आहे, फक्त पत्ता किंवा खरेदी आदेशाचा क्रमांक चुकला आहे. तरी क्रेडिट नोट द्यावी का?

बहुधा गरज नसते; ग्राहकाला विचारून चुकलेला तपशील कळवणारे पत्र किंवा दुरुस्त प्रत द्यावी आणि ‘रकमेत बदल नाही’ असे तिच्यावर लिहावे. ग्राहकाचे अधिकृत नाव किंवा करनोंदणी क्रमांक चुकला असेल, तर मात्र अनेक ठिकाणी औपचारिक दुरुस्ती लागते.

दुरुस्ती ग्राहकाकडे नीट पोहोचली हे कसे ओळखावे?

पत्र मिळाल्याचे उत्तर पुरेसे नाही. मुदतीच्या आठवडाभर आधी लेखा विभागाला विचारावे, “आमच्या खात्यावर तुमच्याकडे किती बाकी दिसते?” उत्तर ३३,६६० आले तर काम झाले. ३९,६०० आले तर क्रेडिट नोट नोंदलेली नाही. २७,७२० आले तर वजावट दोनदा झाली आहे. ७३,२६० आले तर जुने आणि नवे, दोन्ही बिले जिवंत आहेत. पैसे निघण्याआधी हा आकडा कळला, तर एका फोनवर काम भागते.

ग्राहक म्हणतो, “कागद नको, आम्ही कमीच भरतो.” ते मान्य करावे का?

कमी भरायला हरकत नाही, पण क्रेडिट नोट तरीही द्यावी. ती नसेल तर तुमच्या खातेवहीत बिल १४७ समोर ५,९४० येणे तसेच राहते. सहा महिन्यांनी तुमच्या जागी आलेला माणूस थकबाकीची यादी काढतो, ग्राहकाला वसुलीचे पत्र पाठवतो, आणि तोंडी काय ठरले होते हे आठवणारी व्यक्ती तोवर दोन्हीकडे उरलेली नसते.